साटा काढून एनव्हीएमई लावली: काही महिन्यांच्या वापरानंतर गेममध्ये काय बदललं, काय नाही

आधी निकाल सांगतो, मग कारणं. तुमचे गेम आधीच साटा एसएसडीवर असतील आणि केवळ लोडिंग लवकर संपावं म्हणून एनव्हीएमई ही त्याहून वेगवान एसएसडी घ्यायचा विचार असेल, तर बहुतेक गेममध्ये दोन-चार सेकंदांपलीकडे हाती काही लागणार नाही. अपवाद आहेत. त्यातला एक मी स्वतः नीट तपासला, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय. पण खोक्यावरचा सेकंदाला ७००० एमबी हा आकडा बघून 'साटापेक्षा बारा-तेरापट वेगवान' असा हिशेब कोणी करत असेल, तर तो हिशेब गेमला लागू होत नाही.

माझा पीसी मध्यम आहे. रायझन ५ ५६००, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० आणि बी५५० चिपसेटचा बोर्ड. आधी एक टीबीची साटा एसएसडी होती, आता शेजारी एक टीबीची चौथ्या पिढीची एनव्हीएमई आहे. जुनी काढून टाकली नाही, त्यामुळे एकच गेम कधी या ड्राइव्हवर, कधी त्या ड्राइव्हवर हलवून बघता आला. तुलना करताना एक पथ्य पाळावं लागतं. विंडोज एकदा वाचलेल्या फाइल्स मोकळ्या रॅममध्ये धरून ठेवतं, म्हणून दुसऱ्यांदा तोच सेव्ह लोड केला की तो ड्राइव्हवरून न येता रॅममधूनच येतो आणि दोन्ही ड्राइव्ह सारखेच वेगवान वाटतात. त्यामुळे प्रत्येक मोजणीआधी पीसी रीस्टार्ट. यूट्यूबवर शेजारी-शेजारी लावलेले कितीतरी व्हिडिओ इथेच फसतात.

आता मूळ मुद्दा. साटा एसएसडी सलग वाचताना सेकंदाला साधारण ५५० एमबी देते, कारण साटाची वायरच तिथे संपते. एनव्हीएमई पीसीआयईच्या चार लेन वापरते, म्हणून तिसऱ्या पिढीत ३५०० आणि चौथ्या पिढीत ७००० एमबीच्या आसपास जाते. पण हे आकडे एक भली मोठी फाइल एकामागोमाग वाचताना मिळतात, आणि तेही बऱ्याच मागण्या एकदम रांगेत लावल्या तर. जुन्या पद्धतीने लिहिलेला गेम तसं वाचत नाही. तो एक तुकडा मागतो, आल्यावर त्याचं काहीतरी करतो, मग पुढचा मागतो. अशा वाचनात महत्त्व असतं ते एक तुकडा यायला किती वेळ लागतो याला.

या मापाने तिघांना बघा. मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणारी हार्ड डिस्क योग्य जागी पोहोचून वाचायला सुरुवात करेपर्यंत बारा-तेरा मिलिसेकंद घेते, म्हणजे सेकंदाला ऐंशीच्या आसपास तुकडे. साटा एसएसडी ४ केबीचे साधारण दहा हजार तुकडे देते. चांगली एनव्हीएमई पंधरा ते वीस हजार. हार्ड डिस्क सोडून साटावर आलो तेव्हा शंभरपटीहून मोठी उडी मारून झाली होती, साटावरून एनव्हीएमईवर येताना फार तर दुप्पट मिळाली. ड्राइव्हचा वेग मोजणारं क्रिस्टलडिस्कमार्क चालवत असाल तर वरची `SEQ1M Q8T1` ही ओळ सोडा, खालची `RND4K Q1T1` बघा. जाहिरातीत ती ओळ सहसा सापडत नाही.

त्यात पुन्हा, ड्राइव्हने डेटा दिला म्हणजे काम संपलं असं नाही. गेमच्या फाइल्स दाबून भरलेल्या असतात. त्या सीपीयूने उलगडायच्या, त्यातून जग उभं करायचं, टेक्स्चर ग्राफिक्स कार्डकडे धाडायचे. समजा एका सेव्हसाठी ४ जीबी वाचायचे आहेत. साटाला त्यासाठी आठ सेकंद लागतील, एनव्हीएमईला एक सेकंदाहून कमी. पण सीपीयूचं काम बारा सेकंदांचं असेल आणि ते वाचनाबरोबरच चालू असेल, तर साटावरही एकूण वेळ बारा-तेरा सेकंदच येतो आणि एनव्हीएमईवरही बारा. स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारं माणूस एकच असेल, तर कणीक किती पटकन मळून दिली याने पंगत लवकर उठत नाही. माझ्याकडे सायबरपंक २०७७ मध्ये नेमकं हेच दिसलं. सेव्ह लोड होण्यात दोन ते तीन सेकंदांचा फरक, शहरातून गाडी पळवताना काहीच नाही. याच गेमने २०२३ मध्ये २.० अपडेटबरोबर हार्ड डिस्कला किमान गरजेतून वगळलं आणि एसएसडी आवश्यक केली. पण साटा चालत नाही असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही.

सीपीयू किती अडवू शकतो याचं टोकाचं उदाहरण म्हणजे जीटीए ऑनलाइन. वर्षानुवर्षं लोक त्याच्या लोडिंगसाठी ड्राइव्ह बदलत राहिले. २०२१ मध्ये टोपणनावाने लिहिणाऱ्या एका प्रोग्रामरने गेम उघडून बघितला, तेव्हा कळलं की दुकानातल्या सुमारे ६३ हजार वस्तूंची १० एमबीची यादी गेम अत्यंत वेडगळ पद्धतीने वाचतोय. प्रत्येक शब्दासाठी उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी नव्याने मोजली जात होती, आणि प्रत्येक वस्तू आधी आलीय का हे बघायला आख्खी यादी पहिल्यापासून चाळली जात होती. त्याने तेवढं दुरुस्त केल्यावर त्याच्या पीसीवर सहा मिनिटांचं लोडिंग दोन मिनिटांच्या आत आलं. रॉकस्टारने ते मान्य करून अपडेट दिलं आणि त्याला दहा हजार डॉलर बक्षीसही दिलं. दहा एमबीची यादी! ती पेन ड्राइव्हवरूनसुद्धा क्षणात आली असती.

तुमच्या गेममध्ये अडवणूक कुणाची आहे हे शोधायला काही विकत घ्यावं लागत नाही. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर ड्राइव्ह निवडा, गेम विंडोमध्ये चालवा आणि लोडिंगच्या वेळी `Active time` बघा. ते शंभराला चिकटलं असेल आणि वाचन पाचशेच्या आसपास अडकलं असेल, तर साटाच आडवी येतेय आणि नवीन ड्राइव्हचा फायदा दिसेल. ते वीस-तीसवर रेंगाळत असेल आणि सीपीयूचा एखादाच कोअर भरलेला असेल, तर पैसे वाचवा. पहिल्यांदा गेम उघडताना 'शेडर तयार होताहेत' असं म्हणत जो वेळ जातो, तोही पूर्णपणे सीपीयूचा. त्यासाठी ड्राइव्हला शिव्या देण्यात अर्थ नाही.

आता अपवाद. रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट हा गेम प्लेस्टेशन ५ साठी बनला, आणि त्या कन्सोलची एसएसडी सेकंदाला ५.५ जीबी कच्चा डेटा देते, शिवाय तो उलगडायला वेगळं हार्डवेअर आहे. पीसीवर तो जुलै २०२३ मध्ये आला, तोही मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टस्टोरेज वापरून. यात गेम एका वेळी खूपशा मागण्या एकदम पाठवतो आणि टेक्स्चर सीपीयूऐवजी ग्राफिक्स कार्डच उलगडतं. म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही अडचणी, एकेक तुकड्याची वाट बघणं आणि सीपीयूवरचा भार, बऱ्याच कमी होतात. मग उरतो तो ड्राइव्हचा वेग, आणि तो उघडा पडतो.

तपासायची जागा म्हणजे पात्र एका दारातून दुसऱ्या जगात पडतं, तिथून लगेच तिसऱ्यात, असे प्रसंग. एनव्हीएमईवर हे सलग झालं, डोळ्याला अडखळ जाणवली नाही. साटावर पडण्याचं दृश्य जरा लांबलं आणि पोहोचल्यावर क्षणभर काही पृष्ठभाग पुसट दिसून मग स्पष्ट झाले. ब्लायझर प्राइम या ग्रहावर क्रिस्टलवर फटका मारला की आख्खं जग बदलतं, तिथेही तीच गोष्ट, अगदी थोडी. टास्क मॅनेजरमध्ये साटा त्या वेळी शंभरावर होती. तरीसुद्धा गेम साटावर पूर्ण खेळता येतो, मजा गेली असं म्हणणार नाही. टेक्स्चर एक पायरी खाली आणल्यावर तर फरक शोधावा लागला. ग्राफिक्स कार्ड उलगडण्याचं काम करतं म्हणजे चित्र काढण्याची थोडी ताकद तिकडे जाते, हेही लक्षात ठेवा. ३०६० सारख्या कार्डावर ते फुकट नसतं.

विंडोज ११ मध्ये अशा वाचनासाठी बायपासआयओ नावाचा जवळचा रस्ता आहे. तुमच्या ड्राइव्हवर तो खुला आहे का, हे कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडून विचारता येतं:

```
fsutil bypassIo state D:\
```

एखादा ड्रायव्हर तो रस्ता अडवत असेल तर त्याचं नावही तिथेच येतं. बऱ्याचदा एखाद्या जुन्या अँटिव्हायरसचा किंवा एन्क्रिप्शनचा फिल्टर असतो.

रोजच्या वापरात मला एनव्हीएमई खरी जाणवली ती खेळताना नाही, अपडेटच्या वेळी. स्टीमवर लहानसं अपडेट आलं तरी कित्येकदा चाळीस-पन्नास जीबीची पॅक फाइल जुनी वाचून नवी लिहावी लागते. साटावर वाचन आणि लेखन एकाच अरुंद वाटेने होतं, म्हणून 'पॅचिंग' रेंगाळायचं. आता चहा होईपर्यंत उरकतं. पण इथेच स्वस्त ड्राइव्हचा सापळाही आहे. एका पेशीत चार बिट कोंबणारी क्यूएलसी चिप असलेल्या आणि स्वतःची डीरॅम नसलेल्या ड्राइव्ह सुरुवातीचे काही जीबी वेगाने गिळतात, कारण तेवढा भाग एसएलसी कॅश म्हणून, म्हणजे पेशीत एकच बिट पटकन लिहून, वापरलेला असतो. ती कॅश भरली की लिहिण्याचा वेग साटाच्याही खाली कोसळू शकतो, आणि ड्राइव्ह भरत आली की कॅशही आकसते. नव्वद टक्के भरलेल्या ड्राइव्हवर मोठा गेम टाकताना प्रगतीची पट्टी गोठली, तर बिघाड समजून घाबरू नका, हेच कारण असण्याची शक्यता जास्त.

गरमीबद्दल सगळे विचारतात. खेळताना वाचन तुटक-तुटक असतं, त्यामुळे एप्रिल-मेच्या दुपारीही ड्राइव्ह वेग कमी करण्याइतकी तापली नाही. शंभर-दोनशे जीबी सलग हलवताना मात्र तापते, त्यामुळे बोर्डाबरोबर आलेली पत्र्याची पट्टी लावा. तिच्या खालचा प्लास्टिकचा पापुद्रा आधी काढा.

घ्यायला जाताना दोन गोष्टी बघून घ्या. एम.२ हा फक्त आकार आहे. त्या आकारात साटा ड्राइव्हही मिळतात आणि त्यांचा वेग तोच ५५०, त्यामुळे खोक्यावर एनव्हीएमई लिहिलंय याची खात्री करा. आणि बोर्डाची पुस्तिका वाचा. बऱ्याच बोर्डांवर दुसऱ्या एम.२ खाचेत ड्राइव्ह बसवली की दोन साटा पोर्ट बंद होतात, आणि तिथे लावलेली जुनी ड्राइव्ह गायब झाली असं वाटतं. वायर पुढच्या पोर्टात बदलली की ती परत दिसते.

दोन्ही प्रकारांच्या किमतीत आता फारसं अंतर नाही, म्हणून नवीन पीसी बांधणाऱ्याने आणि खाच मोकळी असणाऱ्याने सरळ एनव्हीएमई घ्यावी. तिसऱ्या पिढीची पुरते, पाचव्या पिढीचे जादा पैसे गेमसाठी देऊ नयेत. चालू साटा काढून फेकायचं मात्र काही कारण नाही. माझ्याकडे विंडोज आणि दोन-तीन नवे मोठे गेम एनव्हीएमईवर आहेत, बाकी सगळा जुना संग्रह साटावरच आहे.