फिरत शिकवणाऱ्यांसाठी: मान वळवणारा कॅमेरा की ऑटो फ्रेमिंग?

एका जागी उभं राहून शिकवणं मला जमत नाही. फळ्यावर एक ओळ लिहिली की दारापर्यंत फेरी, मग पहिल्या बाकाशी थांबणं, मग परत फळा. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या वर्गाला चार-पाच मुलं घरून जोडलेली असतात आणि त्यांना माझा अर्धा खांदा दिसतो, अशी तक्रार होती. म्हणून आधी मोटरवर मान वळवणारा ट्रॅकिंग कॅमेरा घेतला. आता वर्षभर साधा स्थिर 4K कॅमेरा आणि त्यावर ऑटो फ्रेमिंग वापरतो.

मान वळवणाऱ्या कॅमेऱ्याचं चित्र सरस होतं, हे आधीच मान्य करतो. तो स्वतः माझ्याकडे वळतो, त्यामुळे सेन्सरचा सगळा भाग माझ्या वाट्याला येतो. ऑटो फ्रेमिंगमध्ये कॅमेरा हलत नाही, मोठ्या चित्रातला एक चौकोन कापून दाखवला जातो. ट्यूबलाइटच्या उजेडात हे कापलेलं चित्र थोडं रवाळ दिसतं.

पहिली गंमत हाताच्या पंजाची झाली. उघडा तळवा दाखवला की ट्रॅकिंग चालू-बंद होण्याची सोय त्या कॅमेऱ्यात होती. मी मुलांना "थांबा, आधी विचार करा" म्हणताना नेमका तोच तळवा दाखवतो! ती सोय सेटिंगमध्ये बंद करता आली, म्हणून तो दोष मी धरत नाही.

धरतो तो दुसरा. कोणी उशिरा आलं, माझ्या आणि कॅमेऱ्याच्या मधून गेलं, की कॅमेरा कधी कधी त्याच्याच मागे जायचा आणि तो बाकावर बसला की तिथेच बघत राहायचा. मी तोपर्यंत फळ्याच्या दुसऱ्या टोकाला. आता त्याची नजर अरुंद, मी त्या नजरेबाहेर, मग तो मला शोधणार कसा? एकदा प्रेरित विद्युत्चालक बलाची अख्खी मांडणी झाली आणि घरच्या मुलांनी पंधरा मिनिटं दार पाहिलं. आवाज नीट येत होता, म्हणून कोणी बोललंही नाही. कॅमेऱ्यामागे माणूस नसतो, हे ट्रॅकिंग घेताना आपण विसरतो.

ऑटो फ्रेमिंगही चुकतं. पण त्याला अख्खा फळा सतत दिसत असतो. मी हरवलो की माझ्याकडचं सॉफ्टवेअर चौकट मोठी करून पूर्ण चित्रावर येतं. अक्षर लहान होतं, पण फळा जात नाही. माझ्यापुरता निकाल इथेच लागला. सगळी सॉफ्टवेअर असंच वागतील असं नाही, म्हणून घेण्याआधी वर्गाबाहेर जाऊन पाहा: तुम्ही नसताना चौकट कुठे थांबते?

कॅमेरा कुठे ठेवायचा याला मात्र महत्त्व आहे. माझ्या कॅमेऱ्याचा आडवा कोन साधारण 78 अंश आहे, आठ फुटांवरून त्याला तेरा फूट रुंदी दिसते. 4K चित्राची रुंदी 3840 ठिपके, 1080p ची 1920. म्हणजे चित्र न फाटता फार तर निम्मी रुंदी, साडेसहा फूट कापता येते. कॉलवर हे 720p ला उतरलं तरी दोन इंची अक्षराला 33 ठिपके मिळतात, पूर्ण चौकटीत 16. त्यामुळे पूर्ण चौकटीतही वाचता यावं म्हणून मी अक्षर तीन इंचांच्या आसपास ठेवतो. 1080p कॅमेऱ्यावर हे फ्रेमिंग लावण्यात अर्थ नाही, कापलेलं चित्र ताणलं जातं आणि घातांक वाचता येत नाहीत.

एक दुखणं दोन्हीकडे सारखं आहे. चित्र स्थिर असताना कॉलमध्ये मुख्यतः बदललेला भागच पाठवला जातो. चौकट सरकली की सगळंच बदलतं, आणि नेट कमकुवत असेल तर अक्षरं क्षणभर पुसट होतात. म्हणून लांब सिद्धता लिहिताना मी फ्रेमिंग बंदच करतो. आणि कॅमेऱ्याचं फ्रेमिंग चालू असेल तर मीटिंगच्या अ‍ॅपमधलं बंद ठेवा. दोन्ही चालू ठेवली तेव्हा माझा फळा होडीसारखा डुलत होता.

तुमचा वर्ग मोठा असेल, कॅमेरा मागच्या भिंतीला लावावा लागत असेल किंवा तुम्ही फळ्याऐवजी बोलण्यावरच भर देत असाल, तर मान वळवणारा कॅमेरा कदाचित बरा पडेल. ऑप्टिकल झूम असलेला मिळाला तर दुरून अक्षरही वाचता येतं. तो घेतलात तर दाराकडचा भाग ट्रॅकिंगच्या कक्षेतून वगळता येतो का, ते आधी बघून घ्या. माझ्याकडच्यात येत नव्हता.

मी सध्या फळ्याच्या दोन्ही टोकांना जमिनीवर रंगीत चिकटपट्टी लावली आहे. तिच्यापलीकडे गेलो की पहिल्या बाकावरचीच मुलं "सर, बाहेर गेलात" म्हणून सांगतात.