तीन माणसं, सहा आठवडे: कटआउट, फ्रेम-बाय-फ्रेम की थ्रीडी?

दोन मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म आहे, दोन पात्रं आणि बऱ्यापैकी संवाद. टीम तिघांची, त्यातले दोघे अ‍ॅनिमेटर. हातात कामाचे ३० दिवस. शैलीची आवड बाजूला ठेवून आधी हिशेब मांडा.

फ्रेम-बाय-फ्रेममध्ये प्रत्येक चित्र हाताने काढायचं असतं. सेकंदाला २४ फ्रेम असतात, त्यामुळे एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात, म्हणजे १२० सेकंदांना १,४४०. पात्रं स्थिर असलेल्या जागा वगळून ९०० उरली असं धरू. एका चित्राच्या क्लीनअप आणि रंगाला २० मिनिटं लागली, तर ३०० तास होतात. दोघांनी रोज सहा-सहा तास दिले तरी यातच २५ दिवस गेले, आणि रफ व बॅकग्राउंड अजून धरलेलेच नाहीत. हालचालीतला जिवंतपणा या पद्धतीइतका कुठेच मिळत नाही, पण अख्खी फिल्म अशी करणं या मुदतीत बसत नाही.

थ्रीडीत खर्च सुरुवातीला आणि शेवटी येतो. मॉडेल, त्याला हलवणारा सांगाडा म्हणजे रिग, आणि मॉडेल त्या सांगाड्याला बांधणं म्हणजे स्किनिंग, हे झाल्याशिवाय पहिला शॉट हलत नाही. हात वर केल्यावर खांदा चेपला, तर कोणतं हाड मॉडेलचा कुठला भाग किती ओढतं ते ठरवणारे वेट्स परत दुरुस्त करत बसावं लागतं. रेंडरला फ्रेममागे पाच मिनिटं धरली, तर २,८८० फ्रेमना एका मशीनवर सलग दहा दिवस लागतात. ब्लेंडर फुकट आहे आणि त्यातलं ईव्ही रेंडरिंग बरंच वेगवान आहे, पण मॉडेल-रिगचे दिवस त्याने वाचत नाहीत.

म्हणून या कामाला मी कटआउटच घेईन, म्हणजे पात्राचे सुटे तुकडे एकदाच काढून, जोडून तेच हलवायचे. पहिला आठवडा रिगला द्या: समोरून, पाऊणबाजूने आणि बाजूने अशी प्रत्येक पात्राची तीन रूपं, ओठांचे आठेक आकार, हाताच्या पंजाचे पाच-सहा. कोपराशी दोन्ही तुकड्यांची टोकं सारख्याच गोलाईची ठेवून एकमेकांवर चढवा आणि पिव्हट, म्हणजे तुकडा ज्याभोवती फिरतो तो बिंदू, त्या गोलाच्या बरोबर मध्यावर ठेवा. तो जरा जरी सरकला तरी हात वाकवताना फट दिसते.

कटआउटचा खरा धोका वेगळाच आहे. मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर भरतं, त्यामुळे पात्र पाण्यात तरंगल्यासारखं हलतं. उपाय असा की आधी मधल्या फ्रेम न भरता फक्त मुख्य पोझ लावून शॉट बघायचा. तसा वाचता आला, तरच पुढे जायचं. मान वळते तिथे रूप बदलताना पापणी मिटवा किंवा मध्ये एक ओढलेलं चित्र टाका, म्हणजे उडी जाणवत नाही.

स्टोरीबोर्डमध्ये धडपडणं, कपडा झटकणं असे शॉट असतील, तर तेवढे हाताने काढा. सहा सेकंदांची ७२ चित्रं होतात, ती झेपतात. मात्र पात्रं सारखी गोल फिरत असतील किंवा कॅमेरा त्यांच्याभोवती घुमत असेल, तर कटआउटमध्ये रूपं काढता काढताच आठवडे जातील. ते शॉट बदलायला दिग्दर्शक तयार नसेल, तर थ्रीडीच घ्या, आणि एका पात्राला कात्री लावा.