तक्त्यातील ‘बाकी’ म्हणजे मुद्दल नव्हे: माझी झालेली फसवणूक

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात माझे शिवणकामाचे दुकान आहे. ओव्हरलॉक मशिनांसाठी मी एका खासगी वित्तसंस्थेकडून १,२०,००० रुपये १२ महिन्यांच्या मुदतीने घेतले. प्रतिनिधीने दिलेल्या माहितीपत्रकावर ‘व्याज वार्षिक १२ टक्के’ असे ठळक छापले होते. खालच्या परतफेडीच्या तक्त्यात मात्र हप्त्याचा क्रमांक, ११,२०० रुपयांचा हप्ता आणि ‘बाकी’ एवढेच तीन रकाने होते. हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती, ही फोड कोठेही नव्हती आणि मी ती मागितलीही नाही.

सहा हप्ते भरल्यावर हाती पैसे आले, म्हणून मी कर्ज एकरकमी फेडायला गेलो, तेव्हा ६७,२०० रुपये भरण्यास सांगण्यात आले. तक्त्यातही सहाव्या हप्त्यापुढे तीच बाकी होती. घरी वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या भाचीने तक्ता पाहून विचारले, “मामा, पहिल्या हप्त्यानंतर बाकी १,२३,२०० कशी? कर्जच एक लाख वीस हजारांचे होते ना?”

वर्षभराचे १४,४०० रुपये व्याज आधीच मुद्दलात मिळवून त्या १,३४,४०० रुपयांचे बारा समान भाग केले होते. म्हणजे प्रत्येक हप्त्यात १०,००० मुद्दल आणि १,२०० व्याज. अखेरच्या महिन्यात माझ्याकडे त्यांचे केवळ १०,००० रुपये मुद्दल उरणार, तरी त्यावरही १,२०० रुपयेच, म्हणजे एका महिन्याला १२ टक्के! यालाच फ्लॅट दर म्हणतात. करारात तो शब्द बारीक अक्षरांत होता, माहितीपत्रकात नव्हता.

भाचीने मग घटत्या शिलकीचा हिशेब मांडला. शिल्लक मुद्दलाला वार्षिक दराने गुणून १२ ने भागले की त्या महिन्याचे व्याज मिळते, आणि हप्त्यातून ते वजा केले की उरते ती मुद्दलाची फेड. १२ टक्के दर खरोखर घटत्या शिलकीवर असता, तर हप्ता सुमारे १०,६६२ रुपये आला असता. पहिल्या महिन्यात व्याज १,२०० आणि मुद्दल ९,४६२. दुसऱ्या महिन्यात १,१०,५३८ रुपयांवर व्याज १,१०५ आणि मुद्दल ९,५५७. व्याजाचा आकडा दर महिन्याला उतरतो आणि मुद्दलाचा चढतो, हीच खऱ्या तक्त्याची खूण आहे. वर्षाचे एकूण व्याज सुमारे ७,९४२ रुपये झाले असते. मी १४,४०० देत होतो, म्हणजे खरा दर सुमारे साडेएकवीस टक्के पडला.

मागितलेल्या ६७,२०० रुपयांत पुढच्या, अजून न आलेल्या सहा महिन्यांचे ७,२०० रुपये व्याजही होते. लवकर फेडून एक पैसाही वाचत नसल्यामुळे मी उरलेले हप्ते तसेच भरले.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ आणि लघुउद्योग मुदत कर्जांसाठी बँका व वित्तसंस्थांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावे लागते. त्यात शुल्कांसह खरा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, आणि परतफेडीचा तक्ता असतो. सही करण्यापूर्वी तो कागद मागून घ्यावा आणि त्यातील पहिल्या व शेवटच्या हप्त्याचे व्याज शेजारी ठेवून पाहावे.