"सर्चमध्ये पहिला नंबर लावून देतो" म्हणणाऱ्यांपासून सावध राहा, आमचे पैसेही गेले आणि व्हिडिओही

यूट्यूबवर मोबाईल फोटोग्राफीचे मराठी व्हिडिओ करणारे बरेच जण आहेत आणि सध्या त्यातल्या लहान लहान चॅनलवाल्यांना एकाच टाईपचे मेसेज येतायत असं कानावर येतंय, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. थोडं लांबेल पण पूर्ण वाचा.

आमचं चॅनल छोटं आहे. वहिनी घरी पापड, लोणची, मसाले करते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विकते, मी तिच्या मालाचे फोटो काढते. बचत गटातल्या बायका सारखं विचारायच्या की तुमचे फोटो इतके स्वच्छ कसे येतात, मग आम्ही त्यावरच व्हिडिओ केला. त्यात तीनच गोष्टी होत्या. खिडकी एका बाजूला घेऊन समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल धरायचा म्हणजे बरणीची सावली मऊ होते आणि पापडावरचे फोड नीट उठून दिसतात, ट्यूबलाईट बंद ठेवायची नाहीतर एका बाजूने निळसर आणि एका बाजूने पिवळट येतं. दुसरं, कॅमेऱ्यात ग्रिड चालू करून बरणी रेषांवर कशी बसवायची. आणि तिसरं, जवळ जाऊन 0.5 वर फोटो काढला की बरणीचं तोंड मोठं आणि बूड बारीक दिसतं, म्हणून दोन पावलं मागे सरकून 2x वर काढायचा. एवढंच. जे बघत होते त्यांना आवडत होतं, पण सर्चमधून फारसं कोणी येत नव्हतं.

तेवढ्यात एका माणसाचा मेसेज आला. "ताई कंटेंट एक नंबर आहे पण मेटाडेटा चुकलाय, टायटल, डिस्क्रिप्शन, टॅग सगळं मी करून देतो, सर्चमध्ये पहिला नंबर गॅरंटी, नाही आला तर पैसे परत." ७,००० चं पॅकेज, त्यातले ४,५०० आधी यूपीआयवर. आम्ही चॅनलचा पासवर्ड दिला नाही, यूट्यूब स्टुडिओमधल्या Permissions मधून फक्त Editor चा अ‍ॅक्सेस दिला. दोन दिवसांत त्याने स्क्रीनशॉट पाठवला आणि खरंच, सर्चमध्ये आमचा व्हिडिओ सगळ्यात वर! वहिनीने लगेच उरलेले पैसे पाठवले.

आता फसवणूक नेमकी कुठे आहे ते बघा. त्या स्क्रीनशॉटमध्ये सर्चच्या पट्टीत काय टाईप केलं होतं ते हे:

```
DSLR jaisa mobile product photography papad jar window light tips marathi 2x
```

असं कोण टाईप करतं? कोणीच नाही. हेच शब्द त्याने आधी टायटल आणि डिस्क्रिप्शनमध्ये घातले आणि मग तेच सर्च करून दाखवले, अख्ख्या यूट्यूबवर हे सगळे शब्द एकत्र असलेला व्हिडिओ एकच, मग तो पहिला नाही येणार तर काय होणार. शिवाय हा सर्च त्याने स्वतःच्या लॉगिनमधून केला होता, आमचा व्हिडिओ त्या अकाउंटवरून आधी बघितलेला, आणि यूट्यूब प्रत्येकाला त्याच्या आधीच्या बघण्यानुसार निकाल दाखवतं हे त्याला पक्कं माहीत होतं. यालाच तो गॅरंटी म्हणत होता.

हे पकडायचं कसं तर स्टुडिओमध्ये त्या व्हिडिओचं Analytics उघडा, Traffic source मध्ये YouTube search वर टॅप करा, लोकांनी खरोखर काय टाईप करून व्हिडिओ उघडला त्याची यादी तिथे येते. आम्ही उघडली तर त्याच्या त्या लांबलचक ओळीचा पत्ताच नव्हता. त्याच्या जागी lightroom preset free download, iphone camera settings, golden hour असे शब्द होते. म्हणजे लोक आले होते, पण भलत्याच गोष्टीसाठी आले होते.

का ते मग टॅग बघितल्यावर कळलं. टॅगसाठी ५०० अक्षरांची मर्यादा असते, ती त्याने काठोकाठ भरलेली. गोल्डन अवर, बोके, अ‍ॅपर्चर सेटिंग, सिनेमॅटिक, आयफोन, प्रीसेट, वर मोठ्या मोठ्या यूट्यूबर्सची नावं. यातलं एकही आमच्या व्हिडिओत नाही. व्हिडिओ सकाळी खिडकीपाशी शूट केलेला, त्यात संध्याकाळचं ऊन कुठून येणार? आणि अ‍ॅपर्चरचं तर काय सांगू, बहुतेक फोनच्या मेन लेन्सचं अ‍ॅपर्चर फिक्स असतं, f/1.8 लिहिलंय तर ते f/1.8 च राहणार, बदलता येत नाही, पोर्ट्रेट मोडमध्ये मागचं जे धूसर होतं ते सॉफ्टवेअर करतं. पण एका मुलीने कमेंटमध्ये लिहिलं की अ‍ॅपर्चर कुठून बदलायचं ते दाखवलंच नाही, खोटं टायटल टाकता. ते वाचून फार वाईट वाटलं, कारण तिचं बरोबर होतं, तिला आमच्या नावाने चुकीचं आश्वासन दिलं गेलं होतं. जे असे आले ते काही सेकंदांत निघून गेले, सरासरी बघण्याचा वेळ धाडकन खाली आला, आणि हळूहळू सजेस्टेडमधून येणारे प्रेक्षकही कमी झाले.

खरं सांगायचं तर टॅगला फार किंमतच नाहीये, यूट्यूब स्वतःच्या मदत पानावर सांगतं की व्हिडिओ शोधला जाण्यात टॅगचा वाटा अगदी कमी असतो, एखाद्या शब्दाचं स्पेलिंग लोक हमखास चुकवत असतील तर तेवढ्यापुरता उपयोग. म्हणजे fotografi सारखं. त्यामुळे "टॅगचं सिक्रेट" विकणारा माणूस काय विकतोय ते समजून घ्या.

आम्ही जाब विचारला तर म्हणाला, "ताई थोडं थांबा, अल्गोरिदमला वेळ लागतो." आणि त्याच रात्री व्ह्यूज एकदम वर गेले. तेही बघितलं, सगळे External मधून, बघण्याचा वेळ जेमतेम काही सेकंद, आणि बाहेरच्या देशांतून, जिथे मराठी पापडाचा फोटो कसा काढायचा हे कोणाला हवंय! विकतचे व्ह्यूज होते ते. काही दिवसांनी यूट्यूबने ते कापून टाकले.

पण सगळ्यात वाईट पुढेच आहे. डिस्क्रिप्शनची पहिली दोन-तीन ओळीच दिसतात, बाकी सगळं "more" दाबल्यावर उघडतं. त्याने वर दोन चांगल्या ओळी ठेवल्या, खाली पानभर नुसते कीवर्ड ओतले, आणि त्या कीवर्डच्या ढिगात मध्येच एक टेलिग्रामची लिंक घुसवली. कशाची तर पैसे भरून मिळणाऱ्या फोटो एडिटिंग अ‍ॅपच्या फुकट क्रॅक फाइल्सची. आमच्या चॅनलवरून, आमच्या बचत गटाच्या बायका बघतात त्या व्हिडिओखाली! यूट्यूबचा मेल आला की व्हिडिओ काढून टाकलाय आणि चॅनलला वॉर्निंग दिलीय. नशीब पहिलीच वेळ होती म्हणून वॉर्निंगवर भागलं, त्यानंतर स्ट्राइक येतात आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनलच जातं. डिस्क्रिप्शनमध्ये टॅगचा असा ढीग घालणं हेही नियमात बसत नाही, लिंक नसती तरी धोका होताच.

त्याला फोन केला तर "मी काम डिलिव्हर केलंय, स्क्रीनशॉट आहे ना तुमच्याकडे" असं म्हणून त्याने ब्लॉक केलं. आम्ही १९३० वर फोन करून तक्रार दिली आणि cybercrime.gov.in वर यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर, चॅट, तो स्क्रीनशॉट सगळं अपलोड केलं. पैसे अजून आलेले नाहीत. अ‍ॅक्सेस मात्र लगेच काढला, Settings मध्ये Permissions मध्ये जाऊन, आणि मग प्रत्येक जुन्या व्हिडिओचं डिस्क्रिप्शन "more" दाबून शेवटपर्यंत वाचलं. आणखी दोन व्हिडिओंखाली तीच लिंक निघाली. तुम्ही कोणालाही अ‍ॅक्सेस दिला असेल तर हे आजच करा.

नंतर तोच व्हिडिओ आम्ही थोडा सुधारून परत टाकला आणि मेटाडेटा स्वतः लिहिला, तोही सांगते कारण यात पैसे देण्यासारखं काही नाहीच. इन्कॉग्निटोमध्ये यूट्यूब उघडून सर्चमध्ये "mobile ne photo" एवढंच टाईप केलं आणि खाली काय काय सुचवतंय ते बघितलं, मग तेच देवनागरीत टाईप करून बघितलं, कारण आपले लोक दोन्ही लिपींत शोधतात. नवीन माणूस "बोके" टाईप करत नाही हो, तो background blur kasa karaycha असं विचारतो. बॅकलाईट हा शब्द त्याला माहीत नसतो, त्याचा प्रश्न असतो "फोटो काळा का येतो". फोकल लेंग्थ तर सोडाच, त्याला स्क्रीनवरचं 0.5 दिसतं म्हणून तो 0.5 असंच लिहितो. पण खिडकी, ग्रिड, झूम हे शब्द सगळ्यांना येतात. तर टायटल असं ठेवलं, १०० अक्षरांची मुभा असली तरी फोनवर पुढचं कापलं जातं म्हणून मुद्द्याचे शब्द आधी:

```
मोबाईलने प्रॉडक्ट फोटो घरी कसा काढायचा | खिडकीचा उजेड, ग्रिड, 2x
```

डिस्क्रिप्शनच्या पहिल्या दोन ओळींत व्हिडिओत काय आहे ते साध्या वाक्यात, त्यातलं एक वाक्य रोमन लिपीत, आणि खाली चॅप्टर. चॅप्टरला पहिली वेळ 0:00 च लागते, किमान तीन लागतात आणि प्रत्येक निदान १० सेकंदांचा हवा, नाहीतर ते दिसतच नाहीत.

```
0:00 फोटो काळा का येतो
0:50 खिडकीची बाजू आणि पांढरा थर्माकोल
2:30 ग्रिड लावून बरणी कुठे ठेवायची
4:05 0.5, 1x की 2x
5:40 पोर्ट्रेट मोडमध्ये बरणीची कड का खाल्ली जाते
```

बोके, बॅकलाईट हे शब्द आम्ही पूर्ण टाकून दिले नाहीत, व्हिडिओत जिथे ते बोललोय तिथेच चॅप्टरच्या खाली एकेका वाक्यात घेतले, म्हणजे शिकायला आलेल्याला शब्दही कळतो. पहिला नंबर वगैरे काही आलेला नाही. पण आता सर्चच्या यादीत "फोटो काळा येतो" आणि "product photo mobile marathi" असे शब्द दिसतात, आणि त्यातून आलेले लोक खिडकीच्या भागापर्यंत तरी थांबतात.

तो माणूस अजून चालू आहे, एका ओळखीच्या ताईला वेगळ्या नावाने तसाच मेसेज आलाय, शब्द न् शब्द तोच. तुम्हाला आला तर त्याच्याकडे सर्चचा स्क्रीनशॉट मागू नका, आधी ज्यांचं काम केलंय त्यांच्या Analytics मधली YouTube search ची यादी मागा, बघण्याच्या वेळेसकट. आम्ही नंतर दुसऱ्या नंबरवरून हेच मागितलं होतं तर त्याने "ते कॉन्फिडेन्शियल असतं ताई" म्हणून विषय बदलला. आणि ज्यांचे पैसे याच पद्धतीने गेलेत त्यांनी रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका, १९३० वर नोंदवा, त्याच यूपीआय आयडीवर आणखी तक्रारी असतील तर त्या एकत्र जोडल्या जाव्यात असं आम्हालाही वाटतंय.