हिरवी चादर, आठ महिने आणि कानावरचं शेवाळं

"मॅडम, तुमच्या कानाला शेवाळं आलंय का?"

माझ्या गणिताच्या व्हिडिओखाली एका विद्यार्थ्याने हे विचारलं आणि मी पहिल्यांदा स्वतःकडे नीट पाहिलं. मागे छान फळा, पुढे मी, आणि माझ्या कानापासून खांद्यापर्यंत एक बारीक हिरवी रेघ. तोवर सहा महिने मी डबलबेडची हिरवी चादर मागे पडदा म्हणून टांगत होते, सॉफ्टवेअरने ते हिरवं कापून तिथे फळ्याचं चित्र बसवत होते आणि सगळ्यांना सांगत होते की तयार ग्रीन स्क्रीन घेणं म्हणजे पैसे पाण्यात. त्या दिवशी वाटलं, चिक्कूपणा अंगाशी आला. त्यानंतरचे दोन महिने मी फक्त त्या एका रेघेच्या मागे होते, म्हणून हा अनुभवही बराचसा त्या रेघेचाच आहे.

पहिला संशय सुरकुत्यांवर. हे सगळीकडे ऐकलं होतं, त्यामुळे मी दर रेकॉर्डिंगच्या आधी चादरीला इस्त्री करायला लागले. अख्ख्या डबलबेडच्या चादरीला! तीन आठवडे हा उद्योग केला आणि रेघ जागची हलली नाही. सुरकुतीचं नुकसान वेगळं असतं. तिच्या घडीत सावली पडते, ती सावली कापली जावी म्हणून आपण ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला Similarity, म्हणजे हिरव्याच्या किती जवळचे रंग कापायचे तो स्लायडर, वाढवतो, आणि मग केसांची टोकंही कापली जातात. पण त्यासाठी चादर वरून आणि बाजूंनी चिमट्यांनी ताणून बांधली, तरी पुरतं. इस्त्री बंद केली, त्याचं मला आजही समाधान आहे.

मग मैत्रिणीची तयार स्क्रीन आणून त्याच जागी लावून पाहिली. तीच रेघ, तसाच कान. इथे माझं मत फिरलं, कारण चादर निर्दोष होती. चुकत होतं ते माझं उभं राहणं आणि माझा मोबाईल.

हे कळलं ते मूळ फुटेज, म्हणजे मागचं हिरवं न कापलेलं, चारशे टक्के मोठं करून पाहिल्यावर. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी कुठलाही स्लायडर हलवण्याआधी एवढं करावंच. मला तिथे एक नाही, दोन वेगळी हिरवी दिसली. एक होतं गालाच्या कडेपासून आतवर पसरलेलं, हळूहळू फिकं होत जाणारं, हळदीचा हात पुसल्यासारखं. दुसरं होतं केसांच्या अगदी काठावर, एक-दोन पिक्सेलची कोरीव रेघ. पहिलं म्हणजे चादरीवरून उडून माझ्या त्वचेवर खरोखर पडलेला हिरवा उजेड. ते कॅमेऱ्याने इमानदारीने टिपलेलं असतं. दुसरं माझ्या अंगावर नसतंच. तिथे एकाच पिक्सेलमध्ये केस आणि चादर दोन्ही मिसळलेले असतात. दोन्हींवर औषध वेगळं, आणि मी तोवर एकाच स्लायडरने दोन्ही बरे करायला बघत होते.

आधी गालावरचं. मी चादरीपासून जेमतेम साठ सेंटिमीटरवर बसत होते. "लांब बसा" हे सगळेच सांगतात, पण माझ्या खोलीत लांब जायला जागाच नाही. खुर्ची आणखी तीस सेंटिमीटर पुढे ओढली, फारसा फरक नाही. याचं कारण समजल्यावर गंमत वाटली. बल्बपासून थोडं दूर गेलं की उजेड झपाट्याने कमी होतो, कारण बल्ब छोटा असतो. चादर मात्र दोन मीटरहून रुंद. तिच्या मानाने आपण जवळच असतो, तोवर थोडं पुढेमागे झाल्याने तिचा हिरवा उजेड फारसा घटत नाही. म्हणजे मोठी चादर हीच अडचण. ज्या मोठेपणाचं मी कौतुक करत होते, तेच मला हिरवं करत होतं.

म्हणून चादर लहान केली. कापली नाही, जीव झाला नाही, दोन्ही बाजूंनी मागे दुमडली. कॅमेऱ्यात माझ्या डोक्या-खांद्यांभोवती वीतभर हिरवं दिसलं की झालं, बाकीची चौकट सॉफ्टवेअरमध्ये सरळ क्रॉप करून टाकता येते. आणि सगळ्यात मोठा गुन्हेगार निघाला खाली. चादरीचं उरलेलं टोक जमिनीवर, माझ्या खुर्चीखालून पुढे पसरलेलं असायचं आणि वरच्या दिव्याचा उजेड त्यावर आपटून थेट हनुवटीखाली यायचा. ते टोक गुंडाळून वर बांधल्यावर हनुवटीखालचा हिरवेपणा त्याच दिवशी गेला. त्यानंतर खुर्ची दीड मीटरपर्यंत नेता आली (टेबल दारात आलंय, घरचे उड्या मारून जातात), तेव्हा गालही साफ झाला.

चादरीवर स्वतंत्र दिवा लावला होता, तोही मंद केला. आधी मला वाटायचं की पडदा जितका झगझगीत, तितकं कापणं सोपं. तसं नाही. चादर चेहऱ्याइतकीच किंवा थोडी कमी उजळ हवी, फक्त सगळीकडे सारखी. जास्त उजळ केली की ती फिकट पडते आणि अंगावर आणखी हिरवं उडवते. चकाकी असलेल्या कापडाचा तर नादच नको, साधी सुती बरी. माझी पातळ आहे, मागची भिंत आरपार दिसते, म्हणून दुहेरी घडी केली आहे.

आता काठावरची कोरीव रेघ, जिने मला खरं छळलं. एक उदाहरण देते, आकडे माझ्याच फुटेजमधले जवळपास आहेत. केसाचा रंग लाल 40, हिरवा 30, निळा 25. चादर 60, 140, 70. ज्या पिक्सेलमध्ये अर्धा केस, अर्धी चादर, तिथे सरासरी येते 50, 85, 48. सॉफ्टवेअर हा पिक्सेल अर्धा पारदर्शक करतं, इथपर्यंत बरोबर. पण उरलेल्या अर्ध्याचा रंग केसाचा नसतो, तो 85 हिरवा असलेलाच राहतो. नव्या पार्श्वभूमीवर तीच रेघ होऊन बसते. Similarity कितीही वाढवा, रेघ आत सरकते आणि सोबत केस घेऊन जाते.

मोबाईल यात भर घालतो. नेहमीच्या व्हिडिओत उजेड प्रत्येक पिक्सेलला वेगळा साठवला जातो, पण रंग चार पिक्सेलांना मिळून एकच. म्हणजे 1920×1080 चित्रात रंगाची खरी बारकाई 960×540 एवढीच, आणि आपण तर रंगावरूनच कापतोय. 3840×2160 वर शूट करून निम्म्या आकारावर आणलं की प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. माझी रेघ त्याने निम्मी झाली, फुकटात. आकार आधी कमी करायचा, हिरवं नंतर कापायचं. शिवाय ऑटो व्हाइट बॅलन्स लॉक करा. समोर इतकं हिरवं पाहून कॅमेरा ते भरून काढायला चेहरा गुलाबी करतो, आणि मी हलले की पुन्हा बदलतो.

उरलेल्या रेघेवर उपाय डीस्पिल. तो हिरव्याला एक मर्यादा घालतो:

```
G_new = min(G, (R + B) / 2)
```

आपल्या पिक्सेलमध्ये लाल-निळ्याची सरासरी 49, म्हणून 85 चे 49 होतात. 50, 49, 48 म्हणजे गडद राखाडी, केसांत मिसळून जातो. त्वचा 200, 150, 120 असेल तर सरासरी 160, हिरवा त्याच्या खालीच आहे, हात लागत नाही. फार आनंद झाला.

तो एक दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी मोहरी रंगाचा कुर्ता घालून बसले आणि व्हिडिओत भगवा दिसला! कुर्ता 210, 170, 50. सरासरी 130, म्हणून 170 चे 130 झाले. सूत्राला कुर्ता आणि चादर यांतला फरक काय कळणार? मी शेवटी एफएफएमपेगवर, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायच्या व्हिडिओ प्रोग्रामवर आले, कारण तिथे लाल आणि निळ्याचं वजन बदलता येतं:

```
ffmpeg -i me.mp4 -i bg.png -filter_complex "[0:v]scale=1920:1080,format=yuva444p,chromakey=0x3C8C46:0.04:0.06,despill=type=green:mix=0.8[fg];[1:v][fg]overlay" -c:a copy out.mp4
```

`me.mp4` मूळ 3840×2160 चाच, तो लहान करणं आज्ञेतच आहे, कारण आधी लहान करून नेहमीसारखा साठवला की रंग पुन्हा चार पिक्सेलांना एकच होतो. `bg.png` 1920×1080 चं. `0x3C8C46` हा माझ्या चादरीचा रंग, तुमचा तुमच्या फुटेजमधून उचला. तयार "हिरवा" निवडू नका, कुठलीच चादर तेवढी हिरवी नसते. `mix` चं मूळ मूल्य 0.5, म्हणजे वरची सरासरी. 0.8 केलं की लालला जास्त वजन मिळतं. कुर्त्याची मर्यादा 178 होते, 170 वाचतो, आणि केसाची रेघ तरीही जाते.

पण गालावर खरा हिरवा उजेड पडलेला असेल, समजा 190, 175, 115, तर 0.8 ला मर्यादाही 175 येते आणि गाल हिरवाच राहतो. म्हणून चादर दुमडण्याचं काम आधी. आणि खरं सांगायचं तर मी आता मोहरी कुर्ता रेकॉर्डिंगला घालतच नाही, `mix` परत 0.5 वर आहे.

पोपटी चादर असलेल्यांनी आशा सोडावी. तिच्यात लाल इतका असतो की ती त्वचेच्या आणि पिवळ्याच्या शेजारी जाऊन बसते.

अजून दोन तक्रारी शिल्लक आहेत. राखाडी झालेला काठ पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर काळसर उठून दिसतो, म्हणून मी मागे मध्यम उजळ फळा ठेवते, तिथे तो लपतो. आणि हात झटकन हलवला की बोटं हिरवट धूर सोडतात, कारण हलत्या बोटांत चादर मिसळते. शटर 1/50 वरून 1/100 केलं, धूर कमी झाला, गेला नाही. दिवा एक वाढवावा लागला.

मैत्रिणीची स्क्रीन परत केली. चादर अजून तीच आहे, फक्त धुतल्यावर किंचित फिकी होते, त्यामुळे प्रत्येक धुण्यानंतर रंगाचा तो आकडा नव्याने उचलावा लागतो.