पोचा पडलेलं कपाट: परत घ्यायचं की सूट द्यायची?

गेल्या पावसाळ्यात आमच्या दुकानातून गेलेल्या लोखंडी कपाटाच्या डाव्या बाजूला तळहाताएवढा पोचा पडला. टेम्पोत दोरी सैल राहिली, चूक आमचीच. जीएसटी धरून किंमत १४,००० रुपये. कपाट घेणाऱ्या ताईंनी फोटो पाठवला आणि विचारलं, "आता काय करता?"

परत घ्यायचं, तर जुनं आणायला टेम्पोचे ९००, नवं पोचवायला ९०० आणि हमाली ६००, म्हणजे २,४०० झाले. शिवाय परत आलेलं कपाट पोच्यासकट विकताना १,५०० तरी उतरतात. एकूण ३,९००. सूट दिली तर गिऱ्हाईक १,५०० ते २,००० वर खूश. त्यात हा पोचा बाजूचा, म्हणजे भिंतीकडे जाणार होता.

पण हा हिशेब पोचा नुसता दिसण्यापुरता असेल तरच खरा. आम्ही ताईंना कपाट सपाट फरशीवर ठेवून दार हलक्या हाताने लावायला सांगितलं. दार खाली घासलं किंवा कुलपाची पट्टी भोकात बसली नाही, तर सांगाडा पिळलाय असं समजायचं. तेव्हा सूट विसरा, कपाट बदलून द्या. आज दोन हजार वाचवाल आणि सहा महिन्यांनी दार बसवायला मिस्त्री पाठवत बसाल. रंग तडकून पत्रा उघडा पडला असेल, तर आधी रंग मारून द्यावा. कोकणातल्या हवेत तिथून गंज धरतो.

दार नीट लागलं. मग मी दोन्ही पर्याय समोर ठेवले: बदली हवी तर खर्च आमचा, नाहीतर १,५०० परत. हा क्रम महत्त्वाचा आहे. बिलावर मुदत छापली नसेल, तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सूट हा गिऱ्हाइकाने निवडलेला पर्याय असला पाहिजे, परतीचा दरवाजा बंद करून गळ्यात मारलेला नको.

ताईंकडून व्हॉट्सॲपवर हे लिहून घेतलं:

"बिल क्र. … च्या कपाटाच्या डाव्या बाजूला पोचा आहे, फोटो सोबत. बदली मिळत असूनही मी १,५०० रुपये सूट घेऊन कपाट ठेवत आहे. बाकी हमी कायम."

शेवटचं वाक्य दुकानदार गाळतात. ते नसलं की पुढे कुलूप बिघडल्यावर "तुम्ही तर सूट घेतलीत" अशी हुज्जत सुरू होते. संमती त्या एका पोच्यापुरती आहे.

पैसे मात्र नुसते गुगल पेवर पाठवून मोकळे होऊ नका. माल सदोष निघाला या कारणाने क्रेडिट नोट काढा. १,५०० मध्ये १८ टक्के कर धरला तर मूळ रक्कम १,२७१ आणि कर २२९ येतो. नोट नसेल, तर तो २२९ रुपयांचा कर तुमच्याच खिशातून गेला.