लग्नाचा वाढदिवस विसरलात: समोर बसून माफी की चिठ्ठी?

समोर बोलण्यात वेळ जात नाही, लक्षात आल्या आल्या माफी मागता येते. धोका असतो तो "पण"चा. "चुकलंच माझं, पण ऑफिसात इतकं काम होतं" यातला दुसरा भाग पहिला पुसून टाकतो. एवढं पुरतं: "काल आपल्या लग्नाचा वाढदिवस होता. मी विसरलो. तू दिवसभर वाट पाहिलीस आणि मी साधं काही बोललोही नाही. माझं चुकलं." मग गप्प बसायचं. समोरून राग आला तर तो पूर्ण ऐकून घ्यायचा. "आता किती वेळा सॉरी म्हणू?" असं तोंडून निघालं की सगळं फिसकटतं.

चिठ्ठीत खोडता येतं, हा तिचा मोठा फायदा. लिहून झाल्यावर "कारण", "पण" आणि "तुला वाईट वाटलं असेल तर" ही वाक्यं शोधून काढून टाका. त्या "तर"मुळे दुखावलं गेल्याचीच शंका घेतल्यासारखं होतं. चिठ्ठी ठेवून घराबाहेर पडणं मात्र पळ काढणंच.

भेटवस्तू दोन्हीकडे त्या दिवशी नकोच.

जोडीदार बोलून मोकळा होणारा असेल तर समोर बसा. अबोला धरणारा असेल, किंवा तुमची जीभ स्पष्टीकरण द्यायला धावत असेल, तर चिठ्ठी लिहा आणि ती वाचून होईपर्यंत घरातच थांबा.